उजव्या कप्प्यावर ताण, पण बीपी ठीक: गुठळी विरघळवायची का?

समजा, नांदेडमधल्या एका बाईंचा पाय तीन आठवडे प्लास्टरमध्ये आहे. वय 52. एका सकाळी उठून बसताना त्यांना अचानक दम लागतो. दवाखान्यात नेल्यावर नाडी 118, ऑक्सिजन 88 टक्के, पण बीपी 110/70. सीटी स्कॅनमध्ये दिसतं, की पायात तयार झालेली गुठळी रक्ताबरोबर वाहत जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकली आहे. गुठळी विरघळवणारं औषध आहे. मग ते लगेच द्यायचं का? या प्रश्नाचं उत्तर मिळायला जवळपास ऐंशी वर्षं लागली. आज तीच गोष्ट सांगतो.

औषधाची सुरुवात 1933 मधली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम टिलेट आणि आर. एल. गार्नर यांना दिसलं, की स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू गोठलेलं रक्त पातळ करतात. त्यातून पुढे स्ट्रेप्टोकायनेज आलं. दोनच वर्षांनी, 1935 मध्ये, बॉस्टनच्या मॅकगिन आणि व्हाइट यांनी अशा रुग्णांच्या इसीजीत एक वेगळा नमुना नोंदवला: पहिल्या लीडमध्ये खोल S, तिसऱ्यात Q आणि उलटा T. डॉक्टर आजही त्याला S1Q3T3 म्हणतात.

हा नमुना येतो कशामुळे? हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याची भिंत पातळ असते, कारण त्याला फक्त फुप्फुसापर्यंत, कमी दाबाने रक्त ढकलायचं असतं. वाट अचानक तुंबली की तो फुगतो आणि मधला पडदा डावीकडे सरकतो. डाव्या कप्प्यात रक्त कमी भरतं, आणि शेवटी बीपी कोसळतं. इसीजीत या ताणाची सावली दिसते. पण ती बऱ्याच रुग्णांत दिसतच नाही, त्यामुळे इसीजी नॉर्मल आला म्हणून गुठळी नाही असं म्हणता येत नाही.

टू-डी इकोमध्ये मात्र हा फुगलेला कप्पा प्रत्यक्ष दिसतो. 1996 मध्ये मॅककॉनेल यांनी त्यातली एक खूण सांगितली: कप्प्याची भिंत मधे थिजलेली, पण टोक नीट हलतंय. मग 2000 च्या सुमारास ट्रोपोनिन आलं. ताणाने स्नायूच्या पेशींना इजा झाली की हे प्रथिन रक्तात येतं. थोडक्यात, इको ताण दाखवतो आणि ट्रोपोनिन त्या ताणाने झालेली इजा.

बीपी कोसळलेल्या रुग्णांचा निकाल आधीच लागला होता. 1995 मध्ये मेक्सिकोत एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला, रुग्ण फक्त आठ, सगळे शॉकमध्ये. चौघांना हेपॅरिनबरोबर 15 लाख युनिट स्ट्रेप्टोकायनेज दिलं, ते चौघे जगले. फक्त हेपॅरिन मिळालेले चौघे दगावले. अभ्यास तिथेच थांबवला गेला.

पण आपल्या बाईंसारख्यांचं काय? त्यांचं बीपी ठीक आहे. इसीजीत V1 ते V4 मध्ये उलटे T आहेत, इकोमध्ये उजवा कप्पा डाव्यापेक्षा मोठा आहे आणि ट्रोपोनिन वाढलेलं आहे. अगदी अशाच रुग्णांवर झालेला पेइथो हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण 1006. निम्म्यांना हेपॅरिनबरोबर टेनेक्टेप्लेज, निम्म्यांना हेपॅरिनबरोबर नुसतं दिखाऊ इंजेक्शन. सात दिवसांत मृत्यू किंवा बीपी कोसळणं औषधाच्या गटात 2.6 टक्के, दुसऱ्यात 5.6 टक्के. म्हणजे औषध जिंकलं? थांबा. पक्षाघात औषधाच्या गटात 12 जणांना झाला, त्यातले 10 मेंदूतल्या रक्तस्रावाने. दुसऱ्या गटात फक्त एकाला. मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसलाच नाही, कारण हेपॅरिनवाल्या गटात कुणाचं बीपी घसरलं तर तेव्हा औषध देता येत होतं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. इसीजी, इको आणि ट्रोपोनिन हे औषध देण्याचा हुकूम देत नाहीत. ते सांगतात, कुणावर नजर ठेवायची. हुकूम बीपी देतं.

म्हणून आपल्या बाईंना हेपॅरिन सुरू करायचं, आयसीयूत मॉनिटरवर ठेवायचं आणि पहिले दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचं. रात्री बीपी 90 च्या खाली गेलं आणि पंधरा मिनिटं तिथेच राहिलं, तर मात्र वाट बघायची नाही. अल्टेप्लेज असेल तर 100 मिलिग्रॅम, दोन तासांत. त्याआधी एक गोष्ट विचारायचीच: आधी कधी मेंदूत रक्तस्राव, अलीकडे मोठं ऑपरेशन किंवा डोक्याला मार? आपल्या बाईंच्या पायाला नुसतं प्लास्टर होतं, ऑपरेशन नव्हतं, म्हणून इथे वाट मोकळी आहे.

आणि हो, पेइथोमध्ये वापरलेलं टेनेक्टेप्लेज आता आपल्या पुण्यातही बनतं, जेनोव्हा कंपनीत. त्यामुळे औषध मिळेल का, एवढाच प्रश्न आता उरलेला नाही. ते हाताशी असताना कधी थांबायचं, हा जास्त अवघड प्रश्न आहे.