फोटोतून रेझिस्टर कसा वाचायचा? २२० ओहम की १० किलोओहम, हे ओळखण्याची पद्धत

दुकानातून सुटे रेझिस्टर आणले की कागदाच्या पुडीवर किंमत लिहिलेली असते, पण घरी आल्यावर सगळ्या पुड्या एकत्र होतात. मग आपण काय करतो? मोबाईल काढतो, रेझिस्टरचा फोटो घेतो, झूम करतो आणि पट्टे मोजायला लागतो. पद्धत चांगलीच आहे, कारण दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या तुकड्यावरचे पट्टे नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. पण फोटो दोन ठिकाणी हमखास फसवतो, एक म्हणजे रंग आणि दुसरं म्हणजे दिशा. आज एकच रेझिस्टर घेऊन हे पूर्ण पाहू आणि शेवटी तो एलईडीला जोडू.

आपल्याकडे निळ्या अंगाचा, पाच पट्ट्यांचा रेझिस्टर आहे. फोटोत डावीकडून उजवीकडे असं दिसतंय: लाल, लाल, काळा, काळा, तपकिरी.

आधी रंगांचे आकडे बघू. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८ आणि पांढरा ९. पाच पट्ट्यांमध्ये पहिले तीन पट्टे म्हणजे सरळ आकडे. चौथा पट्टा सांगतो की पुढे किती शून्यं लावायची. पाचवा पट्टा म्हणजे टॉलरन्स, म्हणजे खरी किंमत लिहिलेल्या किमतीपेक्षा किती टक्के कमी-जास्त असू शकते. बदामी अंगाच्या चार पट्टेवाल्यात फरक इतकाच की आकडे दोनच असतात, बाकी क्रम तोच.

आपला रेझिस्टर: लाल २, लाल २, काळा ०, म्हणजे २२०. चौथा काळा, म्हणजे पुढे एकही शून्य नाही. पाचवा तपकिरी, म्हणजे १ टक्का. उत्तर २२० ओहम. खरी किंमत २१७.८ ते २२२.२ ओहमच्या मध्ये कुठेही असेल.

आता तोच फोटो उलटा वाचा

तपकिरी, काळा, काळा, लाल, लाल. म्हणजे १०० आणि पुढे दोन शून्यं, १०,००० ओहम! शेवटचा लाल म्हणजे २ टक्के टॉलरन्स. हेसुद्धा एकदम बरोबर दिसणारं उत्तर आहे. गंमत इथेच आहे, कारण उलटं वाचल्यावर काहीतरी विचित्र आकडा आला असता तर चूक लगेच कळली असती.

तपकिरी आणि लाल हे दोन्ही रंग आकडा म्हणूनही येतात आणि टॉलरन्स म्हणूनही, म्हणून हा घोळ होतो. चार पट्ट्यांत हा त्रास फारसा नाही. तिथे शेवटी बहुतेक वेळा सोनेरी पट्टा असतो (५ टक्के), आणि सोनेरी कधीच पहिला आकडा नसतो, त्यामुळे तो उजव्या हाताला धरायचा की झालं. पाच पट्ट्यांत टॉलरन्सचा पट्टा इतरांपासून थोडा लांब किंवा थोडा जाड असायला हवा. खरं सांगायचं तर स्वस्त रेझिस्टरवर ते अंतर इतकं सारखं असतं की फोटो मोठा करूनही कळत नाही.

रंग कुठे फसवतात?

पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत लाल, नारिंगी आणि तपकिरी हे तिघे भाऊ-भाऊ दिसतात. फोनचा कॅमेरा प्रकाश बघून रंग आपोआप बदलतो, आणि निळ्या अंगावर तो आणखी गोंधळतो. म्हणून रेझिस्टर पांढऱ्या कागदावर ठेवा, दिवसा खिडकीजवळ फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवा, कारण चकाकीत पट्टा पांढरा होतो. फोन अगदी जवळ नेला तर फोकस सुटतो. थोडं मागे येऊन झूम करा. कागद फोटोत पांढराच दिसत असेल तर रंगांवर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो. पिवळसर दिसत असेल तर पुन्हा काढा.

सगळ्यात धोकादायक जोडी म्हणजे सोनेरी आणि तपकिरी. फोटोत सोनेरीची चमक जाते आणि तो फिक्या तपकिरीसारखा दिसतो. चौथ्या जागी सोनेरी असेल तर आकड्याला दहाने भागायचं असतं. म्हणजे लाल, लाल, काळा, सोनेरी हा २२ ओहम, आणि लाल, लाल, काळा, तपकिरी हा २,२०० ओहम. शंका आली तर रेझिस्टर हातात घेऊन उजेडात हळूच फिरवा, सोनेरी चमकतो.

आणखी एक सोपी चाचणी आहे. कोणताही आकडा बाजारात मिळत नाही. ५ टक्केवाले रेझिस्टर ठरावीक आकड्यांतच बनतात: १०, ११, १२, १३, १५, १६, १८, २०, २२, २४, २७, ३०, ३३, ३६, ३९, ४३, ४७, ५१, ५६, ६२, ६८, ७५, ८२, ९१. चार पट्टेवाल्याचे पहिले दोन आकडे तुम्हाला ३२ आले, तर एक रंग चुकलाय. बहुधा तो २२ किंवा ३३ आहे. १ टक्केवाल्यांत मात्र याहून जास्त आकडे असतात, तिथे ही चाचणी तेवढी चालत नाही.

पण २२० की १० किलोओहम, हे या यादीनेही सुटत नाही, कारण दोन्ही त्यात बसतात. इथे मल्टिमीटरच हवा. साधा डिजिटल मीटर ओहमच्या 2000 वर ठेवा आणि दोन टोकं लावा. २२० च्या आसपास आकडा आला तर प्रश्न मिटला. नुसता डावीकडे 1 किंवा OL दिसला तर किंमत रेंजच्या बाहेर आहे, म्हणजे १० किलोओहम असू शकतो. मग 20k वर ठेवून खात्री करा. रेझिस्टर सर्किटमधून काढूनच मोजा, नाहीतर शेजारचे पार्टही मोजमापात येतात.

आता सर्किट

५ व्होल्टच्या सप्लायवर लाल एलईडी लावू. लाल एलईडी स्वतः साधारण २ व्होल्ट घेतो, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात.

(५ − २) ÷ २२० = ०.०१३६ अँपिअर, म्हणजे सुमारे १३.६ मिलिअँपिअर

छान उजेड पडतो आणि एलईडी सुरक्षित राहतो. ब्रेडबोर्डवर ५ व्होल्टची प्लस रेझिस्टरच्या एका टोकाला, दुसरं टोक एलईडीच्या लांब पायाला, आणि छोटा पाय मायनसला. वाचताना दिशा इतकी महत्त्वाची होती, पण जोडताना रेझिस्टर कसाही लावा, चालतो. एलईडीला मात्र दिशा आहे.

चुकून १० किलोओहम लावला तर करंट फक्त ०.३ मिलिअँपिअर. एलईडी मिणमिणतो आणि आपण विनाकारण एलईडीला दोष देतो. २२ ओहम लावला तर याच हिशेबाने १३६ मिलिअँपिअर येतात. एलईडी जळतो, आणि पाव वॅटचा रेझिस्टरही जवळपास ०.४ वॅट सोसत चटका देण्याइतका तापतो. हे आर्डुइनो उनोच्या पिनवर केलं तर पिनही जाऊ शकते, कारण तिची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे.

आणि टॉलरन्स? इथे त्याने काही बिघडत नाही. हाच रेझिस्टर ५ टक्क्यांचा असता तर किंमत २०९ ते २३१ ओहम झाली असती आणि करंट सुमारे १३ ते १४.४ मिलिअँपिअर. डोळ्यांना फरक दिसणार नाही. पण १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून ७.४ व्होल्टची बॅटरी अर्धी करून मोजायची असेल, तर गोष्ट वेगळी. दोन्ही ५ टक्केवाले असतील आणि एक वर, एक खाली चुकला, तर मोजमाप जवळपास ०.३७ व्होल्टने हुकतं. १ टक्केवाल्यांत हीच चूक ०.०७ व्होल्टवर येते. अशा कामाला निळे १ टक्केवाले घ्या, एलईडीला बदामी ५ टक्केवाले पुरतात.