पावसाळ्यात पाणी उकळूनही पोट का बिघडतं?

पावसाळा सुरू झाला की घरोघरी गॅसवर पाण्याचं पातेलं चढतं. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये उलट्या, जुलाब, कावीळ आणि टायफॉइडचे रुग्ण वाढतात, आणि त्यातले अनेकजण डॉक्टरांना सांगतात, "आम्ही तर उकळूनच पितो." ते खोटं बोलत नसतात. पाणी उकळल्यावर जंतू मरतात हे खरं. पण उकळणं आणि पिणं यांच्या मधल्या दहा-बारा तासांत त्याच पाण्याचं काय होतं, याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं.

नळाचं पाणी पावसाळ्यातच का बिघडतं?

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावा-शहरांत पाणी चोवीस तास येत नाही, ठरावीक वेळेला येतं. पाणी सुरू असताना जलवाहिनीत दाब असतो. त्यामुळे पाइपला बारीक चीर असली तर पाणी बाहेर गळतं, बाहेरचं आत येत नाही. पाणी बंद झालं की दाब उतरतो आणि त्याच चिरेतून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. उन्हाळ्यात आजूबाजूला कोरडी माती असते. पावसाळ्यात तिथे गटाराचं आणि मैल्याचं पाणी साचलेलं असतं.

पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते गढूळ किंवा वासाचं येतं, त्याचं एक कारण हेच. ते पाणी पिण्यासाठी भरू नये, फरशी किंवा संडास धुवायला वापरावं. मात्र नंतरचं पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे ते निर्जंतुक झालं असं नाही. कॉलरा, टायफॉइड किंवा कावीळ यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना चव किंवा वासही नसतो.

पाण्याला क्लोरीनचा किंचित वास आला तर अनेकजण नाक मुरडतात. खरं तर पावसाळ्यात तो वास असणं चांगलं. शुद्धीकरण केंद्रापासून घरापर्यंतच्या वाटेत जंतू शिरले तर त्यांना मारायला पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक राहावं लागतं. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. गढूळ पाण्यातला गाळ आणि कचरा हे क्लोरीन खाऊन टाकतो. त्यामुळे ज्या दिवशी त्याची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच दिवशी ते कमी पडू शकतं.

किती वेळ उकळायचं?

कुणी पाच मिनिटं सांगतं, कुणी वीस. जंतू मरण्यासाठी पाण्याला खळखळून उकळी यावी लागते आणि ती किमान एक मिनिट टिकावी लागते. पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे दिसणं किंवा वाफ येणं म्हणजे उकळी नव्हे. सगळं पाणी खालवर होत राहिलं पाहिजे. उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं उकळायला सांगतात. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं आहे, तेव्हा ही अडचण इथे कुठेच येत नाही. वीस मिनिटं उकळल्याने नुकसान होत नाही, फक्त गॅस जास्त जातो. आणि गॅस वाचवायला म्हणून लोक पुढे उकळणंच सोडून देतात, हा तोटा मोठा आहे.

पाणी गढूळ असेल तर आधी काही तास तसंच ठेवून गाळ खाली बसू द्यावा. मग वरचं पाणी स्वच्छ, चौपदरी सुती कापडातून गाळून उकळावं. तुरटी फिरवल्याने गाळ लवकर बसतो, पण तुरटीने सगळे जंतू मरत नाहीत. नळाला बांधलेल्या फडक्याचंही तसंच. ते कचरा अडवतं, पण दिवसचे दिवस ओलं राहिलं तर त्यातच जंतू वाढतात. असं फडकं रोज धुऊन वाळवता येत नसेल तर न बांधलेलं बरं.

खरी गडबड उकळल्यानंतर होते

चार माणसांचं एक घर धरू. दिवसाला पिण्यासाठी साधारण दहा-बारा लिटर पाणी लागतं. सकाळी सहाला नळ येतो. दोन पातेल्यांत पाणी उकळून ती ओट्यावर निवायला ठेवली जातात. स्वयंपाकाच्या घाईत वर झाकण राहत नाही. नऊच्या सुमारास ते पाणी स्टीलच्या पिंपात ओततात. पिंपात कालचं दोन लिटर पाणी उरलेलं असतं, ते तसंच. दुपारी शाळेतून आलेलं मूल बूट काढतं आणि पेला थेट पिंपात बुडवतं. पाण्यात बोटं जातात.

उकळलेल्या पाण्यात संरक्षणासाठी काहीही उरत नाही. क्लोरीन असेल तर तेही उकळताना उडून जातं. म्हणून बोटांवरून एकदा जंतू आत गेले की त्यांना अडवणारं तिथे काही नसतं. सकाळचा सगळा खटाटोप दुपारी एका पेल्याने वाया जातो.

या घरात बदलायच्या गोष्टी थोड्या आहेत. पाणी ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून निवू द्यावं. पिंपातलं कालचं पाणी भांडी धुवायला काढावं, पिंप साबणाने घासून, उकळलेल्या पाण्याने विसळून मग नवीन पाणी भरावं. तोटीचं पिंप असेल तर सर्वांत उत्तम, कारण त्यात हात जातच नाही. नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवावं, आणि ते पिंपावर उघडं न ठेवता खिळ्याला टांगावं. पाणी चोवीस तासांत संपवावं. पाणी भरणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत, विशेषतः संडासला जाऊन आल्यावर किंवा बाळाची शी धुतल्यावर.

यानंतरही काही वाटा उरतात. पिण्याचं पाणी उकळलेलं, पण दात घासताना चूळ नळाच्या पाण्याने. फ्रिजमधला बर्फ नळाच्या पाण्याचा. कोथिंबीर, काकडी नळाखाली धुऊन कच्चीच ताटात. घरात लहान बाळ, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर एवढ्या ठिकाणीही उकळलेलं पाणीच वापरावं.

घरात फिल्टर असला तरी भांड्याचे नियम तेच राहतात. यूव्ही फिल्टरचा दिवा गढूळ पाण्यात नीट काम करत नाही, आणि आरओची साठवण टाकी वर्षानुवर्षं उघडलीच नसेल तर आतलं पाणी शुद्ध म्हणता येत नाही. तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवल्याने काही जंतू कमी होतात, पण पावसाळ्यात उकळण्याऐवजी त्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे.

उकळणं शक्यच नसेल तर?

गॅस संपला असेल किंवा पुरात चूल पेटत नसेल, तर क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या हा चांगला पर्याय आहे. आशाताई किंवा आरोग्य केंद्राकडे 'मेडिक्लोर'सारखं द्रावण मिळतं, मेडिकलमध्ये गोळ्या मिळतात. प्रत्येकाची ताकद वेगळी असते, म्हणून प्रमाण बाटलीवरचंच पाहावं. पाणी आधी गाळावं, औषध घालून ढवळावं आणि किमान अर्धा तास झाकून ठेवावं. हा अर्धा तास टाळता येत नाही. फरशी पुसायचं ब्लीच यासाठी कधीही वापरू नये.

विहिरीवर अवलंबून असलेल्या गावांत ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. ती टाकली की नाही यापेक्षा 'ओटी टेस्ट' काय म्हणते ते विचारावं. पाण्याच्या नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळसर रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर पावडर कमी पडली, किंवा उघड्यावर राहून ती निकामी झाली.

जुलाब सुरू झाले तर आधी काय?

जुलाबात जीवाला धोका होतो तो मुख्यतः शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस सुरू करावं. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर, म्हणजे २०० मिलीचे पाच पेले, शुद्ध पाण्यात एकदम मिसळायचं असतं. थोडी पावडर एका पेल्यात, उरलेली नंतर, असं केलं की क्षारांचं प्रमाण चुकतं, आणि लहान मुलांना ते अपायकारक ठरू शकतं. छोटी पाकिटंही मिळतात, त्यामुळे किती पाण्याचं आहे ते वाचून घ्यावं. तयार केलेलं द्रावण २४ तासांनंतर फेकून द्यावं.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली द्यावं. मोठ्या माणसाने तहान भागेल तेवढं प्यावं. मुलाने उलटी केली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्यावं. अंगावरचं दूध सुरूच ठेवावं, पेज, मऊ भात, केळं असं खाणंही. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ चालतं. मीठ जास्त पडू देऊ नये.

जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. घरात उरलेली अँटिबायोटिक कुणीच स्वतःच्या मनाने घेऊ नये. मुलांना झिंक दिलं जातं, त्याचा डोस डॉक्टर वयाप्रमाणे ठरवतात.

डॉक्टरकडे कधी जायचं?

सहा महिन्यांखालचं बाळ, गरोदर बाई, वयस्कर माणूस किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असलेला रुग्ण असेल तर वाट न पाहता दाखवावं. इतरांच्या बाबतीत शौचात रक्त दिसलं, खूप ताप आला, उलट्यांमुळे ओआरएस पोटात टिकत नसेल किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही तर जावं.

मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, सहा-आठ तास लघवी झाली नाही, पिण्याचीही शुद्ध नाही, किंवा तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब एकामागून एक होत आहेत, तर घरी थांबू नये. त्याच वेळी रुग्णालय गाठावं किंवा १०८ वर फोन करावा, आणि वाटेतही, रुग्ण गिळू शकत असेल तर, ओआरएस पाजत राहावं.

ताप तीन दिवसांहून जास्त राहिला तर टायफॉइडची शंका घेऊन तपासणी करावी लागते. डोळे पिवळे आणि लघवी गडद झाली तर कावीळ असू शकते. इथे एक गफलत हमखास होते. लोक काल खाल्लेल्या पाणीपुरीला दोष देतात. टायफॉइड दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, पाण्यातून होणाऱ्या काविळीला दोन ते सहा आठवडे किंवा क्वचित त्याहून अधिक. म्हणजे डॉक्टरांना महिनाभरापूर्वी कुठलं पाणी प्यायलात, कुठे प्रवास केलात हेही सांगायला हवं. गरोदर बाईला कावीळ झाली, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं. हेपेटायटिस ई हा प्रकार गरोदरपणात प्राणघातक ठरू शकतो.

एकाच इमारतीत किंवा वस्तीत दोन-तीन घरांत एकाच वेळी जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर खराबी बहुधा कुणा एकाच्या पिंपात नसून सामाईक टाकीत किंवा जलवाहिनीत असते. अशा वेळी महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावं. टाकी धुवायची घाई करू नये. आधी त्यांना निर्जंतुक बाटलीत पाण्याचा नमुना घेऊ द्यावा, नाहीतर गळती कुठे आहे हे शोधायचा पुरावाच धुऊन जातो. तोवर सगळ्यांनी पाणी उकळूनच वापरावं.