विकासात्मक समन्वय अडचण (डिस्प्रॅक्सिया)

बुद्धी आणि नजर ठीक असूनही हालचालींचा मेळ वयाच्या मानाने न बसण्याची अवस्था. शाळकरी मुलांपैकी सुमारे ५ ते ६ टक्क्यांत ती आढळते.

तिसरीतल्या अशा मुलाची वही पाहावी. पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटतो, शिरोरेघ अक्षरांपासून सुटते, जोडाक्षरे ओळीबाहेर जातात. तोंडी उत्तर मात्र तो अचूक देतो. इतरांचा हात सरावाने आपोआप वळतो. याला प्रत्येक वळणावर लक्ष ठेवावे लागते, त्यामुळे फळ्यावरचे उतरवताना अर्थच निसटतो. ‘आळशी’ हा शिक्का मग चटकन बसतो.

मैदानावर तर काहीच झाकता येत नाही. झेल सुटतो, गडी वाटताना हा शेवटी उरतो. पुढे खेळाच्या तासाला त्याचे पोट दुखू लागते. चिंता आणि खिन्नता या मुलांत इतरांहून अधिक दिसते.

ऑक्युपेशनल थेरपीत नुसते गिरवणे नसते. ‘शिरोरेघ शब्द संपल्यावर एकदाच ओढायची’ अशी एखादी युक्ती मुलासोबत ठरवतात, करून पाहतात, जमली नाही तर बदलतात.

भारतात दिव्यांग हक्क कायदा, २०१६ डिस्प्रॅक्सियाला विशिष्ट अध्ययन अक्षमतेत धरतो.