तीन शब्द आणि एक वही

मराठी माध्यमातून दहावी झालेली माझी भाची अकरावी विज्ञानाला गेली, तेव्हा तिच्यासाठी मी रेणवीय जीवशास्त्रातील शब्दांची एक वही करायला घेतली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. पहिल्या दोन पानांवरच ध्यानात आले की, दोन रकाने पुरत नाहीत. तो शब्द कोणत्या प्रश्नातून जन्मला, हे सांगणारा तिसरा रकाना लागतो.

सोपे शब्द आधी उरकले. ‘क्रोमोसोम’चा मूळ अर्थ ‘रंगीत देह’. १८८८ साली वाल्डायर यांनी हे नाव दिले ते रंगद्रव्य चटकन शोषून घेणाऱ्या तंतूंना. त्यांचे काम तेव्हा नीट ठाऊक नव्हते. गुजरातीने तो रंग राखून ‘रंगसूत्र’ केले, तर आपल्या ‘गुणसूत्रा’ने नंतर कळलेले काम नावात घातले. माझ्या मते आपला शब्द अधिक शहाणा आहे.

खरी अडचण ‘ट्रान्स्क्रिप्शन’ आणि ‘ट्रान्सलेशन’ या जोडीची. दहावीच्या पुस्तकात त्यांना प्रतिलेखन आणि भाषांतरण म्हटले आहे. भाचीने दोन्हींचा अर्थ ‘नक्कल करणे’ असाच धरला होता. शिवाय भौतिकीत ‘ट्रान्सलेशन’ म्हणजे जागा बदलणे, स्थानांतरण. आणि जीवशास्त्रात स्थानांतरण हा शब्द ‘ट्रान्सलोकेशन’ला दिलेला, म्हणजे रायबोझोम संदेशावरून एकेक पाऊल पुढे सरकतो त्या क्रियेला. एका मुलीने किती सांभाळायचे!

मी तिला मोडीचा दाखला दिला. मोडीतला कागद देवनागरीत उतरवला तर लिपी बदलते, भाषा मराठीच राहते. प्रतिलेखन असेच असते. डीएनएची चार अक्षरे आरएनएच्या चार अक्षरांत उतरतात, ‘टी’च्या जागी ‘यू’ येते, एवढेच. (दाखला एका ठिकाणी लंगडा आहे. पेशी समोरच्या धाग्याची जोडीदार अक्षरे लिहीत जाते, म्हणून उतरलेली प्रत त्या धाग्यासारखी नसते, त्याच्या जोडीदार धाग्यासारखी असते.) फारसी कागद मराठीत आणणे मात्र भाषांतर. तिथे भाषाच बदलते: चार अक्षरांच्या भाषेतून वीस अमिनो आम्लांच्या भाषेत.

ही उपमा आपण लावलेली नाही, शास्त्रज्ञांनीच तसा विचार केला. १९५४ साली गॅमो या भौतिकशास्त्रज्ञाने हिशेब मांडला: चार अक्षरांच्या दोन-दोनच्या जोड्या सोळाच होतात, वीस आम्लांना त्या अपुऱ्या, तीन-तीनचे गट चौसष्ट, ते पुरून उरतात. तेव्हापासून प्रश्न ‘कोश’ लावण्याचा झाला. कोणत्या गटाचा अर्थ कोणते आम्ल?

त्या कोशातला पहिला शब्द मे १९६१ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथे निरेनबर्ग आणि मथाई यांना सापडला. त्यांनी ई. कोलाय जिवाणू दळून त्यांचा रस काढला. त्यात रायबोझोम आणि विकरे शाबूत होती, म्हणजे भाषांतराची सारी यंत्रणा. डीएनए तोडणारे विकर घालून त्यांनी नवे संदेश निघणे थांबवले. जुने संदेश काही वेळाने संपतात आणि प्रथिन बनणे मंदावते. मग त्यांनी फक्त ‘यू’ अक्षराची साखळी असलेला कृत्रिम आरएनए घातला. वीसही अमिनो आम्ले रसात होती, पण प्रत्येक नळीत त्यांपैकी एखादेच किरणोत्सारी ठेवायचे आणि तयार झालेल्या प्रथिनात किरणोत्सार उतरतो का, ते मोजायचे. फिनिलअॅलॅनिनच्या नळीत तो भरघोस उतरला. एकाच शब्दाच्या संदेशातून एकाच आम्लाची साखळी! UUU म्हणजे फिनिलअॅलॅनिन, ही कोशातील पहिली नोंद.

अर्थात या प्रयोगाने गट तिनाचाच आहे, हे ठरत नव्हते. नुसत्या ‘यू’च्या ओळीत दोनाचा गट काय, चाराचा काय, सारखाच दिसतो. तिनाचा पुरावा त्याच वर्षाअखेर क्रिक, ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूंच्या उत्परिवर्तनांवरून दिला. उरलेल्या नोंदी भरायला १९६६ उजाडले. त्यात खुराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए बनवून मोठा वाटा उचलला. चौसष्टपैकी एकसष्ट गट आम्लांचे निघाले. तीन गट ‘थांबा’ सांगणारे, पूर्णविरामासारखे.

हे वाचल्यावर भाचीने ‘भाषांतरण’पुढे स्वतःच लिहिले: ‘यासाठी कोश लागतो, प्रतिलेखनाला लागत नाही.’ माझ्या व्याख्येपेक्षा ती ओळ बरी होती, म्हणून माझी खोडली.

वहीच्या शेवटच्या पानावर एक इशारा मात्र मी लाल शाईने लिहिला. ती हिंदीतली व्याख्यानेही पाहते. हिंदीत ‘सेल’ला कोशिका म्हणतात आणि ‘पेशी’ म्हणजे स्नायू. आपल्याकडे पेशी म्हणजेच ‘सेल’.