आर्नहेम लँडची नजर, तारांची खोली

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात हॉथॉर्नची गोष्ट ठरलेली असते. शिकागोलगतच्या सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनचे सामान बनवणारा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. तिथे १९२४ ते १९२७ या काळात दिव्यांचा उजेड कमीजास्त करून पाहिला गेला आणि उजेड वाढवला काय, घटवला काय, काम वाढतच गेले. आपल्याकडे कोणीतरी लक्ष देते आहे या जाणिवेनेच माणसे जास्त काम करतात, असा निष्कर्ष निघाला आणि त्याला ‘हॉथॉर्न परिणाम’ हे नाव चिकटले. गोष्ट इथे संपते आणि मास्तर पुढच्या धड्याकडे वळतात.

माझे कुतूहल चाळवले ते या गोष्टीच्या शेवटच्या टप्प्यातल्या एका नावाने. प्रयोगांचा सविस्तर वृत्तांत रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांनी १९३९ साली ग्रंथरूपाने दिला. त्यात तारा जोडणाऱ्या चौदा पुरुषांच्या खोलीचा अभ्यास कसा आखला गेला हे सांगताना लॉइड वॉर्नर हे नाव येते. वॉर्नर इंजिनियर नव्हता आणि मानसशास्त्रज्ञही नव्हता. तो मानववंशशास्त्रज्ञ होता. १९२६ ते १९२९ या काळात ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँडमध्ये तो राहिला होता. ज्यांना त्याने ‘मुर्नगिन’ म्हटले आणि जे आज योलंगू म्हणून ओळखले जातात, त्या आदिवासींची नाती, देवघेव आणि भांडणे त्याने टिपून घेतली होती. तिथून तो हार्वर्डला आला आणि एल्टन मेयोच्या हॉथॉर्न मंडळीत सामील झाला. कारखान्यातली अनौपचारिक टोळी दिसली ती या माणसाने सोबत आणलेल्या नजरेमुळे, असे माझे ठाम मत आहे.

आधीचे टप्पे थोडक्यात. दिव्यांचे प्रयोग अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या नावाने झाले. त्यांचे मूळ आकडे पुढे लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले, तेव्हा ऐकीव गोष्टीतला तो लख्ख परिणाम त्यांना सापडला नाही. उजेडातले बदल रविवारी केले जात, त्यामुळे सोमवारच्या कामाची चढउतार दिव्यांच्या खात्यावर जमा होत होती.

दुसरा टप्पा १९२७ मध्ये सुरू झाला. रिले जोडणाऱ्या पाच तरुणींना वेगळ्या खोलीत बसवले. विश्रांतीच्या वेळा दिल्या, कामाचे तास घटवले आणि बाराव्या टप्प्यात या सगळ्या सवलती काढून घेतल्या. तरीही एकूण उत्पादन चढतेच राहिले. इथेच ‘लक्ष दिल्याने काम वाढते’ या सिद्धांताचा पाया घातला गेला. १९६७ साली अ‍ॅलेक्स केरी या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने त्यावर कडक हल्ला चढवला. त्याचा मुद्दा साधा आणि सज्जड होता. या पाच जणींची मजुरी मोठ्या विभागाच्या उत्पादनाऐवजी फक्त त्यांच्या छोट्या गटाच्या उत्पादनावर ठरू लागली होती. शिवाय पहिल्या पाचातल्या दोघींना फार बोलतात, मन लावून काम करत नाहीत म्हणून बदलले होते आणि त्यांच्या जागी चपळ मुली आणल्या होत्या. दुसऱ्या एका गटात केवळ मजुरीची पद्धत बदलली, तेव्हाही उत्पादन वाढले आणि जुनी पद्धत परत आणताच ते खाली आले.

आता तारांची खोली. नोव्हेंबर १९३१ मध्ये चौदा जणांना मोठ्या विभागातून वेगळ्या खोलीत आणले. नऊ जण तारा जोडणारे, तिघे त्या जोडांना डाख देणारे आणि दोघे तपासनीस. टेलिफोन एक्सचेंजमधल्या स्विचसाठी लागणारी, टर्मिनलांनी भरलेली लांब फळी त्यांच्यासमोर असे. एक जण तारेचे फेरे टर्मिनलांवर घेत जाई, दुसरा मागून डाख देई, तिसरा तपासे. कंपनीच्या हिशेबाने एका माणसाने दिवसाला ७,३१२ जोड करायला हवे होते. माणसांच्या मनातला ‘दिवसाचा वाजवी वाटा’ होता दोन पूर्ण फळ्या, म्हणजे ६,६०० जोडांच्या आसपास.

वॉर्नरचा हात दिसतो तो खोलीच्या नियमांत. मुलींच्या खोलीत निरीक्षक मित्रासारखा वागे, सल्ला विचारे, बदल करून पाही. इथे काहीच बदलायचे नव्हते. फोरमन तोच, मजुरी तीच, काम तेच. निरीक्षकाने खोलीत बसायचे, पण हुकूम द्यायचा नाही, वादात बाजू घ्यायची नाही, कोणाच्या गप्पांत घुसायचे नाही आणि ऐकलेले कधी बाहेर फोडायचे नाही. मुलाखती घेणारा दुसरा माणूस खोलीबाहेर राही. परक्या वस्तीत राहणारा मानववंशशास्त्रज्ञ नेमका असाच वागतो. कोण कोणाला मदत करतो, कोण कोणाशी जागा बदलतो, खिडकी उघडण्यावरून कोणाचे कोणाशी वाजते, पैसे लावून खेळताना कोण एकत्र येतात, यांतल्या प्रत्येक गोष्टीची वेगळी आकृती काढली गेली. त्या आकृत्या एकावर एक ठेवल्या तेव्हा खोलीत दोन टोळ्या उभ्या राहिल्या: एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. पुढची टोळी स्वतःला वरचढ समजे आणि दुकानातून थोडी, पण चॉकलेटची मिठाई आणी. मागची टोळी स्वस्त मिठाई भरपूर आणी आणि दंगाही जास्त करी. काही जण कोणत्याच टोळीत नव्हते.

दोन्ही टोळ्यांना एकच कायदा लागू होता. फार काम केलेस तर तू दर बिघडवणारा. फार कमी केलेस तर तू फुकटखाऊ. साहेबाकडे काही बोललास तर तू चुगलखोर. कायदा मोडणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसे, त्याला तिथे ‘बिंगिंग’ म्हणत. कामाच्या अहवालातही हाच कायदा चाले. एखाद्या दिवशी हात जास्त चालला तर काही जोड लपवून ठेवायचे आणि हात मंद पडला त्या दिवशी ते अहवालात घालायचे. म्हणून कागदावरची रेघ जवळजवळ सपाट असे. निरीक्षक मात्र स्वतः मोजत होता. खोलीत सर्वांत कमी काम करणारा माणूस बुद्धिचाचणीत पहिला आणि हातांच्या चपळाईत तिसरा आला होता. सर्वांत जास्त काम करणारा बुद्धीत शेवटचा होता आणि चपळाईत सातवा. उत्पादन ठरत होते ते टोळीतल्या जागेवरून.

माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. मे १९३२ पर्यंत एक माणूस या खोलीत बसून रोज टिपणे घेत होता, आणि तरीही उत्पादन वाढले नाही. हॉथॉर्न परिणामाला सर्वांत जड जाणारा पुरावा हॉथॉर्नमध्येच मिळतो. नुसते लक्ष पुरेसे असते तर ही रेघही वर गेली असती. पहिल्या खोलीत लक्षाबरोबर जादा कामाचे फळही पाच जणींच्याच पदरात पडत होते आणि त्यांचे म्हणणे विचारले जात होते. दुसऱ्या खोलीत मंदीची छाया होती. जास्त काम केले तर दर कापतील, कोणाला तरी घरी बसवतील, सावकाश माणसावर फोरमन चढेल, ही भीती मुलाखतींत पुन्हा पुन्हा येते. टोळी या भीतीवरचा विमा होती. शेवटी खोली बंद पडली तीसुद्धा कामच उरले नाही म्हणून.

माझ्या मताला आव्हान देणारे दोन दावे आहेत. पहिला टेलरचा. कामगार संगनमताने हात राखून काम करतात हे त्याने १९११ च्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे, मग वॉर्नरचे नवे काय? दुसरा मॅथ्यूसनचा. त्याने अमेरिकेत ठिकठिकाणी कामगारांत मिसळून १९३१ मध्ये अशाच प्रथांवर अख्खे पुस्तक काढले. दोन्ही दावे खरे आहेत आणि हात राखण्याचा शोध वॉर्नरच्या पदरात टाकणे चूक ठरेल. पण टेलरला त्यात दिसला कट आणि त्यावर त्याचा उपाय होता घड्याळ. मॅथ्यूसनने पुष्कळ प्रसंग गोळा केले. एका खोलीतल्या प्रत्येक माणसाचे प्रत्येकाशी असलेले नाते मांडून, त्या मांडणीतून उत्पादनाची रेघ समजून घेणे हे मात्र तारांच्या खोलीतच पहिल्यांदा इतक्या नीटपणे झाले. ही रीत इंजिनियरांच्या परंपरेत नव्हती. ती नातेसंबंधांची जाळी मांडणाऱ्यांची होती, आणि वॉर्नर तीच शिकून आला होता.

मर्यादाही मोठ्या आहेत. चौदा माणसे, एक खोली, मंदीतले काही महिने. यातून सगळ्या कारखान्यांचा नियम काढता येत नाही. पण कोणत्या खुणा ओळखायच्या आणि काय करायचे नाही, हे मात्र नेमके कळते.

पहिली खूण म्हणजे आकड्यांची सपाट रेघ. माणसाचे काम रोज सारखे होत नसते. एखाद्या विक्री विभागात महिन्यामागून महिना सर्वांचे आकडे ठरल्या उद्दिष्टाला जेमतेम टेकत असतील, तर आलेल्या ऑर्डरी पुढच्या महिन्यासाठी मागे ठेवल्या जात आहेत का ते पाहावे. नोंदवलेला आकडा आणि ऑर्डर प्रत्यक्ष आल्याची तारीख शेजारी ठेवली की ते कळते. दुसरी खूण नव्या माणसाची. तो पहिल्या आठवड्यात जोरात काम करतो आणि थोड्याच दिवसांत इतरांच्याच आकड्यावर स्थिरावतो. अशा वेळी त्याला आळशी ठरवण्याआधी त्याच्या शेजारी कोण बसते ते पाहायला हवे.

काय करायचे नाही, हे त्याहून महत्त्वाचे. टोळी फोडायची नाही. तारांच्या खोलीत कंपनीच्या नियमाविरुद्ध जाऊन एकमेकांना मदत करणे चालत असे आणि काम पुढे सरके ते त्यामुळेच. टोळीचा कायदा कोणती भीती झाकतो ते शोधावे आणि त्या भीतीचे उत्तर कृतीने द्यावे. चांगल्या महिन्यानंतर उद्दिष्ट वाढवणार नाही असे सांगितले असेल, तर ते खरोखर वाढवू नये. एकदा वाढवले की तो अनुभव टोळीच्या कायम लक्षात राहतो आणि मग कितीही आस्थेने विचारपूस केली तरी आकडा हलत नाही. शेवटचे सूत्र निरीक्षकाच्या नियमांतले: बसून पाहिलेले कोणाच्या शिक्षेसाठी वापरायचे नाही. ग्रंथात या चौदा जणांची नावे नाहीत, फक्त अक्षर आणि आकडा आहे. चौदा जण सहा महिने त्या माणसासमोर मोकळेपणाने नियम मोडत राहिले, कारण तो पाहिलेले बाहेर नेत नव्हता. पाहणाऱ्या साहेबाने आधी ही खात्री कमवावी, मगच वही उघडावी.