सभासद गेला, गंगाजळी राहिली

तंजावर जिल्ह्यातल्या पतपेढ्यांचा हिशेब समजून घ्यायचा तर 1912 चा सहकारी संस्था कायदा शेजारी ठेवून वाचावे लागते. कावेरीच्या खोऱ्यातला भातशेतकरी संस्थेत भाग घेत होता, कर्ज फेडत होता आणि पुढे बाहेरही पडत होता. त्याच्या पैशाचे काय झाले, हे कायद्याची कलमे पुष्कळ नेमकेपणाने सांगतात.

आधी या भागातली जुनी रीत पाहू. मद्रास इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ‘निधी’ नावाची मंडळे होती. सभासद दरमहा ठरावीक वर्गणी भरत, तीच रक्कम गरजूंना कर्जाऊ जाई आणि मुदत संपली की व्याजासह वाटून घेतली जाई. फ्रेडरिक निकल्सन यांनी 1895 आणि 1897 च्या आपल्या अहवालात या निधींचा बारकाईने विचार केला. यातल्या पहिल्या मुदतबंद निधींत एक उणीव होती : वाटप झाले की निधीच संपे. पुढच्या पिढीसाठी काहीही मागे राहत नसे. कायम चालणारे निधी पुढे निघाले, पण तिथेही पैसा अखेर सभासदाचाच मानला जाई.

1904 साली पहिला सहकारी कायदा आला. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला याच जिल्ह्यात कुंभकोणम बँक नोंदली गेली, ती मात्र कंपनी म्हणून. कंपनीचा भाग बाजारात विकता येतो आणि धंदा वाढला की भागाचे मोलही वाढते. सहकारी संस्थेत असे होणार नव्हते.

1912 च्या कायद्यातली व्यवस्था अशी. पोटनियमांत ठरलेली रक्कम भरल्याशिवाय सभासदाला हक्क बजावता येत नाहीत. अमर्याद जबाबदारीच्या संस्थेत, म्हणजे बहुतेक ग्रामीण पतपेढ्यांत, भाग किमान एक वर्ष धरल्यावरच हस्तांतरित करता येतो, आणि तोही संस्थेला किंवा संस्थेच्याच सभासदाला (कलम 14). संस्थेनेच भाग परत घेतला की सभासदाला त्याचा परतावा मिळतो. पण कलम 20 नुसार त्याच्या भागावर संस्थेचा बोजा असतो आणि येणे रक्कम त्यातून वळती करता येते. उलट, बाहेरच्या सावकाराला हुकूमनामा मिळाला तरी तो भाग जप्त करता येत नाही (कलम 21). कर्जबाजारी भातशेतकऱ्याच्या दृष्टीने हे संरक्षण मला फार मोलाचे वाटते.

समजा, एकाने दहा रुपयांचा भाग घेतला आणि जाताना त्याच्याकडे चार रुपये बाकी आहेत. संस्था त्याला सहा रुपये देईल. भागपुस्तकात दहा रुपये कमी होतील, कर्जखात्यातली बाकी मिटेल आणि गंगाजळीला हातही लागणार नाही. तो सभासद असताना जमलेल्या गंगाजळीत त्याचा काही हिस्सा नसतो. शिवाय कलम 23 प्रमाणे, तो बाहेर पडला त्या दिवशी संस्थेवर असलेल्या कर्जांची त्याची जबाबदारी आणखी दोन वर्षे राहते. सभासद मरण पावला तर त्याच्या मालमत्तेवर ती एक वर्ष राहते.

आता नफ्याकडे येऊ. कलम 33 नुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकल्याशिवाय लाभांश वाटता येत नाही. अमर्याद जबाबदारीच्या संस्थेला तर स्थानिक सरकारच्या हुकमाशिवाय नफा वाटताच येत नसे. वर्षाचा नफा 120 रुपये असेल तर किमान 30 गंगाजळीत जातात. मर्यादित जबाबदारीची संस्था उरलेल्या 90 पैकी कलम 34 खाली धर्मादायासाठी जास्तीत जास्त नऊ रुपये देऊ शकते आणि बाकीचे नियमांनुसार वाटू शकते.

गोची इथेच होते. त्या 120 पैकी 50 रुपये येणे व्याज असेल, कागदावर दिसणारे पण वसूल न झालेले, तर खरा नफा 70 च ठरतो आणि त्याचा चौथा हिस्सा 17 रुपये 8 आणे होतो. ताळेबंदात 30 ची गंगाजळी दिसते, पण तिच्यामागे तेवढी रोकड नसते. म्हणून लेखापरीक्षकाने थकीत व्याजाची यादी नफ्याशी ताडून पाहायला हवी. राखीव निधी कलम 32 प्रमाणे बाहेर गुंतवला आहे की सभासदांच्या कर्जांतच अडकला आहे, हेही त्याने तपासायला हवे. भाताचे भाव कोसळले किंवा पूर आला की थकबाकी वाढते आणि बाहेर पडणाऱ्यांची गर्दीही त्याच वेळी होते. अशा वर्षी परतावा देताना गंगाजळी सभासदांच्या हाती जाणार नाही, याची काळजी चालकांना घ्यावी लागते.

मद्रास इलाख्याने 1932 मध्ये आपला स्वतंत्र कायदा केला आणि तमिळनाडूचा सध्याचा कायदा 1983 चा आहे. महाराष्ट्राच्या 1960 च्या कायद्यात कलम 66 मध्ये नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकण्याची अट आहे. तिथे भागाच्या परताव्यालाही मर्यादा आहे : एका वर्षात परत करायची रक्कम मागच्या वर्षअखेरीच्या वसूल भाग भांडवलाच्या दहा टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. 1912 च्या त्या कायद्यात अशी टक्केवारी नव्हती. तिथे एक वर्षाची अट आणि दोन वर्षांची जबाबदारी, एवढ्या दोन गोष्टींवर सभासदांची एकदम होणारी गळती अडवायची होती.