आजऱ्याचा की आजर्याचा? रफार, रकार आणि अर्धा र

कोल्हापूर जिल्ह्यातला आजरा तालुका घनसाळ तांदळासाठी ओळखला जातो. या गावाचे नाव लिहिताना कुणाचे चुकत नाही. पण नावाला चा, ला, हून असे काही जोडायची वेळ आली की लिहिणाऱ्यांचे दोन गट पडतात. कुणी ‘आजऱ्याचा तांदूळ’ लिहितो, कुणी ‘आजर्याचा तांदूळ’. यातले पहिले रूप बरोबर आहे आणि दुसरे चूक. फरक फक्त र च्या आकाराचा दिसतो, पण त्यामागे उच्चार आणि व्याकरण दोन्ही आहेत.

मराठी जोडाक्षरांत र मुख्यतः तीन रूपांत येतो आणि या तिन्हींची उदाहरणे आजरा तालुक्यातच मिळतात. हिरण्यकेशी नदीवरचे रामतीर्थ हे पहिले. ‘तीर्थ’मध्ये र चा स्वर गेलेला आहे आणि तो पुढच्या थ ला जोडला आहे, म्हणून तो थ च्या डोक्यावर चढतो. हा रफार. तो ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी उच्चारला जातो, आणि त्या अक्षराला काना किंवा वेलांटी असेल तर सरकून तिच्यावर जातो: तीर्थाचा, वर्षी. ‘आशीर्वाद’ऐवजी ‘आर्शिवाद’ लिहिणारे नेमके इथे चुकतात. उच्चारात र हा व च्या आधी येतो, त्यामुळे रफारही व वरच हवा.

दुसरे उदाहरण चित्री प्रकल्पाच्या नावातले. ‘चित्री’मध्ये पाय मोडला आहे तो त चा, र पूर्ण आहे आणि वेलांटीही त्याचीच आहे. हा रकार. प, ग, क यांच्याखाली तो तिरप्या रेघेसारखा येतो (प्र, ग्र, क्र), ट आणि ड खाली छोट्या छपरासारखा (राष्ट्र, ड्रम), तर त आणि श यांच्याशी मिळून वेगळीच अक्षरे होतात (त्र, श्र). इथे आकार अक्षराप्रमाणे बदलतो, अर्थ बदलत नाही. चूक होते ती रकार आणि ऋकार यांची अदलाबदल झाल्यावर: ‘ग्रह’ आकाशात असतो, ‘गृह’ म्हणजे घर.

तिसरे रूप ‘आजऱ्या’तले. यातला र रफारासारखाच अर्धा आहे, पण डोक्यावर न चढता य च्या डाव्या बाजूला आडव्या, वाकलेल्या रेघेने चिकटतो. कुणी त्याला पापणीसारखा र म्हणते. इथे सोयीसाठी अर्धा र म्हणू. हिंदीत तो वापरत नाहीत, मराठीत मात्र त्याच्यावाचून चालत नाही. तो य आणि ह यांच्याआधी येतो: दुसऱ्या, शेतकऱ्यांना, वऱ्हाड, कुऱ्हाड, गाऱ्हाणे.

दोन अर्ध्या र ची गरज का, हे मोठ्याने वाचले की कळते. ‘सूर्य’ म्हणताना र आधीच्या अक्षराला धरून राहतो आणि त्या अक्षरावर आघात येतो. ‘आजऱ्या’ म्हणताना ज वर असा आघात येत नाही. र पुढच्या या मध्ये हलकेच मिसळतो. वृत्तातही याचा हिशेब होतो: ‘आजऱ्या’तला ज लघूच राहतो, रफार दिला तर तो गुरू होईल. काही ठिकाणी तर शब्दच बदलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे आंबोलीच्या घाटात दिसतात त्या. ‘आचार्यांना जेवण द्या’ आणि ‘आचाऱ्यांना जेवण द्या’ या वाक्यांत पंगतीला बसणारी माणसे वेगळी आहेत.

कुठे काय लिहायचे, हे मूळ शब्दाकडे परत गेले की ठरते. आजरा, दुसरा, पुजारी, दरी यांत मुळात पूर्ण र आहे. विभक्तीमुळे किंवा अनेकवचनामुळे त्याच्यापुढे य आला की तो अर्धा र होतो: आजऱ्याहून, पुजाऱ्याने, दऱ्या. सूर्य, आचार्य, कार्य यांत मुळातच र्य आहे, म्हणून तिथे रफार कायम राहतो: सूर्याला, कार्याचा. तिसरी शक्यता बरेचदा विसरली जाते. ‘कुत्रा’मध्ये र आधीच त च्या पोटात गेलेला आहे, त्यामुळे ‘कुत्र्याला’मध्ये रकारच राहतो, तिथे पापणी काढायला जागाच नाही. ऱ्ह च्या शब्दांना मात्र असे मूळ शोधून फारसा उपयोग होत नाही. ‘अर्हता’सारखे संस्कृत शब्द रफाराचे आणि ‘तऱ्हा’, ‘गिऱ्हाईक’ अर्ध्या र चे, एवढे लक्षात ठेवावे लागते.

हाताने लिहिताना प्रश्न इथे संपतो. संगणकावर तो पुन्हा सुरू होतो, कारण एकच अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. युनिकोडमध्ये ऱ असे नुक्त्याचे स्वतंत्र अक्षर आहे. ते मुळात द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत दाखवण्यासाठी आहे. पण त्याचा पाय मोडला की मराठीचा अर्धा र उमटतो. दुसरा मार्ग म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह. नेपाळीत हा दुसरा मार्ग बराच रूढ आहे. ‘आजऱ्या’ हा शब्द आत कसा साठतो ते पाहा. तिसरी ओळ चुकीच्या रूपाची आहे.

```
आजऱ्या  0906 091C 0931 094D 092F 093E
आजर्‍या  0906 091C 0930 094D 200D 092F 093E
आजर्या  0906 091C 0930 094D 092F 093E
```

पहिल्या दोन ओळी डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण अक्षरशः तुलना करणाऱ्या यादीला त्या दोन वेगळे शब्द वाटतात. एकाने पहिल्या पद्धतीने ‘आजऱ्यातील शेतकरी’ नोंदवले आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर नोंद असूनही सापडत नाही. दुसऱ्या ओळीला आणखी एक धोका आहे. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना न दिसणारी चिन्हे कधी कधी गाळली जातात. 200D गेले की उरते ती तिसरी ओळ, म्हणजे लिहिणाऱ्याने नीट लिहिलेला शब्दही परस्पर अशुद्ध होतो.

म्हणून मराठीसाठी पहिली पद्धत सोयीची आणि टिकाऊ आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर साधा र `j` वर आणि ऱ `J` वर, म्हणजे शिफ्ट दाबून मिळतो. ‘ऱ्या’साठी `J`, `d`, `/`, `e` या कळा क्रमाने दाबायच्या. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या साधनांत `rya` लिहिल्यावर बहुधा रफारच येतो आणि ‘आजर्याचा’, ‘शेतकर्यांना’ ही रूपे पसरण्यामागे हे एक मोठे कारण आहे. तिथे यादीतून योग्य रूप निवडावे किंवा ऱ ची कळ शोधावी. आणि पाय न मोडलेला ऱ मराठी मजकुरात दिसला, उदाहरणार्थ ‘आजऱा’, तर शिफ्ट चुकून दाबली गेली असे खुशाल समजावे.

जुन्या मजकुरातली दुसरी पद्धत पहिलीत बदलणे सोपे आहे. पायथॉनमध्ये एक ओळ पुरते:

```
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

तिसऱ्या ओळीतली चूक मात्र अशी सरसकट दुरुस्त करता येत नाही. सगळ्या र्य ची ऱ्य केली तर ‘आजऱ्याचा’ सुधारेल, पण त्याच फटक्यात ‘सूर्याचा’ बिघडेल. आजरा, दुसरा, शेतकरी अशा शब्दांची यादी करून तेवढेच बदल करता येतात. त्यानंतरही ‘आचार्यांना’ उरतेच. तिथे मूळ माणूस विद्वान होता की स्वयंपाकी, हे वाक्य वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.